भांडण मिटलं, रिव्ह्यूचं काय?

बंदीत दुरुस्त केलेल्या आउटबोर्डच्या गिअर तेलात पुन्हा पाणी शिरलं, तेल दुधासारखं झालं. रागाने गूगल मॅप्सवर एकच तारा दिला. दुकानदाराने नंतर सील फुकट बदलून दिलं. म्हणाला, "आता तेवढं काढ रे बाबा."

मंडळी, लगेच काढू नका. दोन-तीन वेळा दर्यात जाऊन या, तेल स्वच्छ दिसू दे. मग दुकानाच्या पानावर आपला रिव्ह्यू शोधून तीन ठिपके दाबा. Delete review केलं की लिहिलेलं परत मिळत नाही, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या. मी Edit review केलं. काय बिघडलं, त्याने कसं निस्तरलं ते लिहिलं, तारे चार केले. दुसऱ्या होडीवाल्याला दोन्ही कळायला हवं ना! रागात शिव्या लिहिल्या असतील तर मात्र सरळ उडवा.