पोस्ट नवी, पण बायोमधलं पान जुनंच! असं का होतं?

कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत माझा एक मित्र गणपतीच्या मूर्ती करतो. इन्स्टाग्रामवर नव्या मूर्तीचा फोटो पडला की बायोमधल्या लिंकच्या पानावर तो आपोआप यायचा आणि तिथूनच गिऱ्हाईक बुकिंग करायचं. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, "अरे, विकलेल्याच मूर्ती दिसायला लागल्यात पानावर!" गणेश चतुर्थी होती २७ ऑगस्टला.

मी बघितलं तर पान नीट उघडत होतं, एररही नव्हती. फक्त ९ ऑगस्टनंतरची एकही पोस्ट त्यावर नव्हती. ही तारीखच खरी खूण होती.

आधी हे पान चालतं कसं ते बघू. पान ठरावीक वेळाने इन्स्टाग्रामला विचारतं, 'नवीन काही आहे का?' उत्तरात पोस्टचं कॅप्शन, लिंक आणि वेळ मिळते. हे विचारायची परवानगी म्हणजे टोकन. पूर्वी साध्या पर्सनल अकाउंटच्या पोस्टही 'बेसिक डिस्प्ले एपीआय'मधून घेता यायच्या. मेटाने ती सोय ४ डिसेंबर २०२४ला बंद केली. आता अकाउंट बिझनेस किंवा क्रिएटर असावं लागतं. मित्राने ते आधीच बदललं होतं, म्हणजे घोळ तिथे नव्हता.

घोळ टोकनमध्ये होता. जास्त दिवस चालणारं टोकनसुद्धा ६० दिवसांचंच असतं. मित्राने लॉगिन केलं होतं १० जूनला. साठ दिवस मोजा, ९ ऑगस्ट येतो! त्यानंतर इन्स्टाग्रामने उत्तर देणं थांबवलं आणि पान आधी साठवलेल्या पोस्टच दाखवत राहिलं. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

टोकन किमान २४ तास जुनं असेल आणि त्याची मुदत संपली नसेल, तर ते या पत्त्यावरून पुढच्या ६० दिवसांसाठी वाढवता येतं:

```
https://graph.instagram.com/refresh_access_token?grant_type=ig_refresh_token&access_token=TOKEN
```

मुदत एकदा संपली की हा उपाय चालत नाही, पुन्हा लॉगिनच करावं लागतं. आम्ही तेच केलं आणि दर ३० दिवसांनी टोकन आपोआप वाढेल असं लावून दिलं. एखादी खेप चुकली तरी हातात महिना उरतो.

तुम्ही तयार सेवा वापरत असाल तर हे काम ती सेवा करते. तरी इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलला की त्या सेवेत जाऊन अकाउंट पुन्हा जोडावं लागू शकतं, हे लक्षात ठेवा.

यूट्यूबचं मात्र सोपं आहे. चॅनेलची फीड उघडीच असते, टोकन लागत नाही आणि शेवटचे १५ व्हिडिओ त्यात मिळतात.

मित्राच्या पानावर आता वरती एक बारीक ओळ असते, 'शेवटचं अपडेट' आणि तारीख. ती तारीख मागे पडलेली दिसली की तो गिऱ्हाइकाच्या आधी मला फोन करतो.