#थ्रेड : रुग्णाचे शेजारी कोण? नंदुरबार, हिवताप आणि ‘निरंक’ अहवालाचा भ्रम

(१)
हिवतापाच्या शेवटच्या लढाईत फवाऱ्यापेक्षा चौकशीला अधिक महत्त्व येते. एक रुग्ण सापडला की त्याला संसर्ग कोठे झाला हे शोधायचे, त्याच्या घरातील व भोवतालच्या घरांतील माणसांचे रक्त तपासायचे आणि साखळी तेथेच तोडायची. पद्धत उत्तम आहे. पण ‘भोवतालची घरे’ या दोन शब्दांचा जो अर्थ आपण रूढ केला आहे, तो सातपुड्यात निरुपयोगी ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ते इतिहासाच्या आधारे मांडतो.

(२)
राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि १९५८ साली त्याचेच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डीडीटी फवारले गेले. पंधरा दिवसांनी कर्मचारी दारात येई, कोणाला ताप आला का विचारी आणि रक्ताचा नमुना घेई. १९६५ पर्यंत देशातील नोंदलेले रुग्ण सुमारे १ लाखावर उतरले. विजय दृष्टिपथात आला असे वाटले. १९७६ साली हाच आकडा सुमारे ६४ लाखांवर गेला.

(३)
या पुनरागमनाची कारणे अनेक होती : डासांची प्रतिकारशक्ती, कीटकनाशकांचा तुटवडा, मनुष्यबळाची चणचण. पण एक कारण आपण सोयीस्करपणे विसरतो. रुग्ण कमी झाले तसे त्यांना शोधणारे डोळेही कमी झाले. श्रीलंकेचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९६३ साली अवघे १७ रुग्ण नोंदले गेले. पाहणी सैलावली आणि त्याच दशकाच्या अखेरीस लाखोंची साथ उसळली. थोडे रुग्ण उरणे हीच सर्वांत धोक्याची अवस्था असते.

(४)
आता नंदुरबारकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिल्ल व पावरा समाजाचे पाडे आहेत. तेथे घराला घर लागून नसते. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या उतारावर असते. नकाशावर ‘शेजारचे’ दिसणारे घर प्रत्यक्षात एक नाला आणि एक चढण ओलांडून असते. शिवाय वर्षाचे कित्येक महिने माणसे घरी नसतातच. ती गुजरातेत, उसाच्या फडात किंवा सुरतेच्या बांधकामांवर असतात.

(५)
एक कल्पित प्रसंग तारखांसह तपासून पाहू. अक्राणीतील एक तरुण सुरतेच्या बांधकामावरून पेरणीसाठी १ जुलैला पाड्यावर परतला. ४ जुलैला ताप भरला. त्याने कोठूनशी तापाच्या गोळ्या घेतल्या. १६ जुलैला आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन जलद चाचणी केली : फॅल्सिपेरम. हा परजीवी डास चावल्यापासून ताप येईपर्यंत किमान नऊ दिवस तरी घेतो. म्हणजे चावा २५ जूनचा किंवा त्याआधीचा. त्या वेळी तो सुरतेत होता. नोंदवहीत शिक्का बसतो : ‘आयात रुग्ण’.

(६)
१८ जुलैला पथक येते. घरातील व भोवतालच्या घरांतील सर्वांचे रक्त तपासते. सर्व अहवाल निरंक. फाईल बंद. येथेच माझा आक्षेप आहे. त्या दिवशी शेजाऱ्यांत त्याच्यापासून झालेला संसर्ग सापडणे शक्यच नव्हते! फॅल्सिपेरमची डासाला बाधणारी अवस्था रक्तात उतरायला तापानंतर साधारण दहा दिवस लागतात, म्हणजे १४ जुलैच्या सुमारास. डासाच्या पोटात परजीवी तयार व्हायला आणखी सुमारे दहा दिवस : २४ जुलै. मग नव्या माणसाला ताप यायला किमान नऊ-दहा दिवस : ऑगस्टचे पहिले दिवस.

(७)
मग १८ जुलैची फेरी व्यर्थ होती काय? मुळीच नाही. ती दोन कामांसाठी होती. पहिले, पाड्यात आधीपासून दडलेला संसर्ग शोधणे. दुसरे, त्याच उगमावर बाधित झालेले इतर लोक शोधणे. हे ‘इतर लोक’ कोण? त्याच बांधकामावर, त्याच झोपड्यांत निजलेले सोबती. तेथे बांधकामाच्या साठवणीच्या पाण्यात डास वाढतात आणि एकाला चावणारा डास शेजारच्या पथारीवरही बसतो. ते सोबती दुसऱ्या पाड्यांवर, कदाचित दुसऱ्या तालुक्यात परतले. त्यांच्या दारात कोणी गेले नाही.

(८)
म्हणून मी म्हणतो : या रुग्णाचा खरा शेजारी मीटरने मोजता येत नाही. मुकादमाच्या यादीत तो सापडतो. चौकशीचा पहिला प्रश्न ‘तुझे घर कोणते’ हा नसावा. ‘कोणाबरोबर गेला होतास, कोण कोण परत आले’ हा असावा. घराभोवतीची तपासणी सोडा असे मी म्हणत नाही. स्थानिक संसर्गात तीच पहिली पायरी आहे. पण आयात रुग्णाच्या बाबतीत केवळ तेवढ्यावर थांबणे म्हणजे चोर पश्चिमेला आणि शोध पूर्वेला.

(९)
चीनने आपली पद्धत तीन आकड्यांत बसवली : एका दिवसात नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या ठिकाणी प्रत्यक्ष कारवाई. २०२१ साली त्या देशाला हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. सातच दिवस का, हे वरील तारखा सांगतात. १४ ते १६ जुलैदरम्यान बाधित झालेला डास २४ जुलैच्या आत कोणालाही आजार देऊ शकत नाही. २३ जुलैपर्यंत फवारणी झाली तर तो डास निरुपद्रवीच मरतो. ऑगस्टमध्ये केलेली फवारणी ही कागदाची शोभा.

(१०)
‘तपासणी निरंक’ या शब्दांनाही मर्यादा आहेत. जलद चाचणीला रक्तातील अगदी थोडे परजीवी दिसत नाहीत. ताप नसलेल्या माणसात ते बहुधा थोडेच असतात. व्हायव्हॅक्सचे तर काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात. रक्ताच्या कोणत्याही चाचणीत ते सापडत नाहीत आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीनचा चौदा दिवसांचा क्रम पुरा व्हावा लागतो. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी कमी असते त्यांना हे औषध अपाय करू शकते, म्हणून ते देणाऱ्याने लक्ष ठेवावे लागते. मजूर पाचव्या दिवशी कामावर निघाला तर क्रम कोण पुरा करवणार?

(११)
आता खरे दुखणे. देशाचे उद्दिष्ट २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे आहे. प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षे स्थानिक संसर्ग नसावा लागतो. आयात रुग्ण त्यात मोजला जात नाही. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे ‘आयात’ हा शब्द शोधाचा आरंभ न राहता जबाबदारीचा शेवट होण्याचा मोह उत्पन्न होतो. रुग्ण गुजरातचा म्हणून आपण सुटलो आणि तो नंदुरबारचा म्हणून ते सुटले. डासाला राज्यांची सीमा कळत नाही.

(१२)
आक्षेप येईल : पथके अपुरी, पावसात नाले भरलेले, दुसरी फेरी कशी करणार? प्रश्न रास्त आहे. पण दुसऱ्या फेरीला पूर्ण पथक लागत नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात त्या पाड्यात ताप आलेल्या प्रत्येकाची चाचणी आशाताईंनी त्याच दिवशी केली, आणि सोबत्यांची नावे त्यांच्या-त्यांच्या आरोग्य केंद्राला एका फोनवर कळली, तर काम होते. त्यासाठी चौकशीच्या नमुन्यात दोन रकाने पुरतात : ‘सोबती’ आणि ‘पुढील तपासणीची तारीख’.

(१३)
१९६५ साली आपल्याकडे आकडे उत्तम होते. ते आकडे पाहून आपण दारात जाणे सैल केले आणि अकरा वर्षांत किंमत मोजली. १८ जुलैचा निरंक अहवाल हातात घेऊन जो अधिकारी ऑगस्टची वाट पाहत नाही, तो तीच चूक एका पाड्यापुरती पुन्हा करतो.