लाल शाईच्या खालचं वाक्य

आपल्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाच्या शाळेच्या वह्या आता लोक जपून ठेवू लागले आहेत, टाइप करून संग्रहात घालू लागले आहेत. पण टाइप करणारा हात बहुतेक वेळा लाल शाईने दुरुस्त केलेला निबंधच उतरवून घेतो. मूळचं ‘पानी’ जातं, ‘पाणी’ राहतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं मुलाने तसंच लिहिलं होतं. काही उत्साही मंडळी उलटं करतात, मास्तरांचं सगळं गाळून मुलाची ‘अस्सल’ भाषा देतात. माझ्या मते दोन्हींत कागदावरचा अर्धा पुरावा फेकला जातो.

नमुन्यासाठी एक वाक्य रचून घेऊ. मुलाने निळ्या शाईत लिहिलं आहे: ‘आमच्या आज्यानं हीर खांदली पन पानी आमाला भरू देत नवते.’ मास्तरांनी लाल शाईने ‘हीर’ची ‘विहीर’ केली, ‘खांदली’ची ‘खणली’, ‘आमाला’चं ‘आम्हाला’. ‘पन’ आणि ‘पानी’ यांतल्या ‘न’वरच ‘ण’ गिरवला. शेवटी ‘भरू देत नवते’ खोडून वर लिहिलं, ‘मिळत नव्हते’.

पहिल्या दुरुस्त्या बोलीच्या आणि शुद्धलेखनाच्या आहेत. शेवटची तशी नाही. ‘भरू देत नव्हते’ म्हटलं की कुणीतरी अडवणारे आहेत. ‘मिळत नव्हते’ म्हटलं की विहीर आटली असेल, दुष्काळ असेल. मास्तरांनी हे मुद्दाम केलं की वाक्य सुबक करताना झालं, ते कागद सांगत नाही आणि उतरवणाऱ्यानेही ठरवू नये. पण बदल झाला आणि तो लाल शाईत झाला, एवढं नोंदवलंच पाहिजे. नुसता ‘स्वच्छ’ मजकूर ठेवला तर अडवणारे कायमचे गायब होतात.

नोंद करायची साधी पद्धत अशी: [लाल: भरू देत नवते > मिळत नव्हते]. डावीकडे मुलाचं, उजवीकडे मास्तरांचं. संगणकावरच्या संग्रहांसाठी टीईआय नावाची खुणांची पद्धत आहे, तिच्यात हेच असं लिहितात:

```
पानी आमाला <subst>
<del hand="#lal">भरू देत नवते</del>
<add hand="#lal" place="above">मिळत नव्हते</add>
</subst>
```

`hand` म्हणजे खोडणारा किंवा लिहिणारा हात. खोडलेले शब्द मुलाचे, खोडण्याची रेघ मास्तरांची, हे दोन्ही त्यात राहतं. नुसती लाल अधोरेघ, बरोबरची खूण, समासातला शेरा आणि गुण हेही लाल हाताचेच, पण ते वाक्यात मिसळायचे नाहीत, वेगळे टिपायचे.

खरी अडचण हात ओळखण्याची. झेरॉक्सवर किंवा मोबाइलच्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनवर दोन्ही शाया काळ्याच दिसतात, म्हणून फोटो रंगीतच काढावा. गिरवलेल्या ‘ण’खालचा ‘न’ दिसत नसेल तर फोटो सुधारायच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये फक्त लाल चॅनेल बघावा. तिथे लाल शाई कागदाइतकी फिकट होते आणि निळी गडद राहते. खालचं अक्षर बऱ्याचदा वर येतं. हिरव्या चॅनेलमध्ये उलट लालही गडद उठते. पण रंगावर आंधळा विश्वास नको. मुलं मथळ्याखाली लाल रेघ मारतात, आणि वही परत मिळाल्यावर दुरुस्ती स्वतःच्या निळ्या पेनाने पुन्हा लिहितात. ती निळी असली तरी पहिल्या लेखनाची नव्हे, तिसरा थर आहे. अशा वेळी ‘र’, ‘अ’, ‘ल’ यांची वळणं आणि शिरोरेषेची सवय जुळवून बघावी, आणि तरी खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाकावं.

जुन्या वह्यांत आणखी एक धोका आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२चे. त्याआधीच्या निबंधात ‘घरांत’वर अनुस्वार असेल आणि मास्तरांनी तो तसाच सोडला असेल तर ती त्यांची नजरचूक नव्हे, तेव्हाची रीत होती. आपण तो काढला तर कागदावर नसलेला एक दुरुस्ती करणारा हात आपणच घालतो. आणि तो हात कुठल्याच शाईत दिसत नाही.

हे भान छापील मजकुरालाही लागतं. मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपण वाचतो तो छापील पाठ. त्यात लिहिताना काय खोडलं गेलं, कुणी बदललं, ते छपाईत उमटत नाही. वहीत ते उमटतं.

त्याच वाक्यात आणखी एक जागा धरू. ‘पन’ आणि ‘पानी’ यांच्यामध्ये निळ्याच शाईत खोडलेलं ‘पाट’. ही रेघ मुलाची स्वतःची. ‘पाटील’ लिहायला घेतलं आणि थांबला, की ‘पाटाचं पानी’ म्हणायचं होतं? उतरवणाऱ्याने फक्त [निळी: पाट खोडले] लिहावं, पुढची अक्षरं भरू नयेत. लिहिणारा हयात असेल तर त्याला विचारावं, आणि तो जे सांगेल ते आजच्या तारखेसह वेगळ्या टिपेत घालावं, निबंधात नाही.