पट्टीच्या मागची ओळ

आमच्या शुक्रवार पेठेत एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना मामा म्हणते. बंद पडलेल्या शाहू मिलमध्ये त्यांची हयात गेली. आता भविष्यनिर्वाह योजनेचे महिन्याला हजार रुपये निवृत्तिवेतन आणि मुलाचा तुटपुंजा हातभार, एवढ्यावर संसार चालतो. गेल्या पावसाळ्यात त्यांना भोवळ आली, म्हणून मी त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब बराच चढलेला होता. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या रोज घेता ना?" मामा घुटमळले आणि अखेरीस म्हणाले, "एक दिवसाआड घेतो, साहेब. रोजच्याला परवडत न्हाई."

मामांचे बिल मी घरी आणून पाहिले. त्यात दोनच औषधे होती. पहिले टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम, पंधरा गोळ्यांची पट्टी 111 रुपयांना. दुसरे मेटोप्रोलॉल 50 मिलिग्रॅम, दहा गोळ्यांची पट्टी 92 रुपयांना. दोन्ही गोळ्या रोज एकेक. तीस दिवसांचा हिशेब 222 अधिक 276, म्हणजे 498 रुपये. निवृत्तिवेतनाचा निम्मा भाग या दोन पट्ट्यांत जात होता. मामांनी त्यावर काढलेला तोडगा मात्र आजारापेक्षा घातक होता, कारण मेटोप्रोलॉलसारखे औषध मध्येच सोडले तर हृदयावर अकस्मात ताण येऊ शकतो.

हेच औषध स्वस्तात मिळते काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर पट्टीच्या दर्शनी भागावर मिळत नाही. तेथे कंपनीने ठेवलेले नाव असते. पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरांतील ओळ वाचावी लागते. औषध दुकानदार ज्याला 'कंटेंट' म्हणतात, तो तेथे लिहिलेला असतो. त्या ओळीत चार गोष्टी पाहायच्या: मूळ औषधाचे नाव, त्याला जोडलेला क्षार, मिलिग्रॅममधील मात्रा, आणि गोळी साधी आहे की सावकाश विरघळणारी. या चारही गोष्टी जुळल्या तरच दोन पट्ट्यांच्या किमतींची तुलना करण्यात अर्थ आहे.

टेल्मिसार्टनच्या बाबतीत हे काम सोपे होते. मागे 'टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आय. पी. 40 मिग्रॅ.' एवढेच लिहिले होते. 'आय. पी.' म्हणजे भारतीय औषधकोशातील मानकांनुसार बनविलेली गोळी. सीपीआर रुग्णालयासमोरच्या एका दुकानात मी 'याचे जेनेरिक द्या' असे सांगितले. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दहाची पट्टी पुढे केली. तिच्यावर छापील किंमत 65 रुपये होती. पंधराच्या पट्टीला 111 आणि दहाच्या पट्टीला 65, म्हणजे पाहता क्षणी मोठीच बचत वाटते. परंतु भागाकार केला की पहिली गोळी 7 रुपये 40 पैशांना पडते आणि दुसरी साडेसहा रुपयांना. फरक जेमतेम 90 पैशांचा. पुढे जनऔषधी केंद्रात गेलो. तेथे त्याच मात्रेची दहा गोळ्यांची पट्टी 12 रुपयांना होती. एक गोळी 1 रुपया 20 पैसे. वर्षाच्या 365 गोळ्यांचा हिशेब मांडला तर नामांकित गोळीचे 2,701 रुपये होतात आणि जनऔषधी गोळीचे 438. किमती काळानुसार बदलतात, म्हणून हे आकडे पाठ करण्यापेक्षा दर गोळीचा भाव काढण्याची रीत लक्षात ठेवावी.

मधल्या 65 रुपयांच्या पट्टीचे रहस्य समजून घेतले पाहिजे, कारण सर्वाधिक फसगत तेथेच होते. औषधांच्या व्यापारात या मालाला 'ट्रेड जेनेरिक' म्हणतात. कंपनी तो डॉक्टरांमार्फत खपवीत नाही. दुकानदाराला अल्प दरात देते आणि छापील किंमत मात्र चढी ठेवते. मधला नफा दुकानदाराचा. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर वीस-तीस टक्के सवलतही मिळते आणि ते समाधानाने घरी जाते. 'जेनेरिक' हा शब्द उच्चारला म्हणजे औषध स्वस्त मिळाले, असे मुळीच नाही.

तरीही सुशिक्षितांच्या मनात एक शंका उरतेच. महाग ते अस्सल आणि स्वस्त ते नक्कल, अशी आपली धारणा आहे. या बाबतीत इतिहास निराळे सांगतो. टेल्मिसार्टनचा शोध बोरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीने लावला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 सालच्या अहवालाच्या आधारे 1970 साली आपला पेटंट कायदा झाला आणि औषधाच्या पदार्थावर पेटंट देण्याचे आपण बंद केले. 2005 पर्यंत तीच व्यवस्था होती. तिच्याच आधाराने भारतीय कंपन्यांनी ही गोळी येथे बनविली. मामांच्या बिलातील नामांकित गोळीसुद्धा त्यांपैकीच एक, म्हणजे ती स्वतःच जेनेरिक होय. अस्सल आणि नक्कल असा हा सामना नाही. एकाच औषधाच्या दोन भारतीय उत्पादनांपैकी एकामागे प्रसिद्धीचा आणि विक्री-प्रतिनिधींचा खर्च उभा आहे, दुसऱ्यामागे नाही, एवढाच भेद आहे.

याचा अर्थ कोणतीही स्वस्त गोळी डोळे मिटून घ्यावी, असा नाही. मामांच्या दुसऱ्या औषधाने हे शिकविले. त्यांच्या पट्टीमागे 'मेटोप्रोलॉल सक्सिनेट' असे होते आणि पुढे सावकाश विरघळणारी गोळी असल्याचे दर्शविणारी 'ई. आर.' ही अक्षरे होती. एका दुकानात मला 'कंटेंट तोच आहे' असे सांगून जी स्वस्त पट्टी देण्यात आली, तिच्यावर 'मेटोप्रोलॉल टार्ट्रेट' लिहिलेले होते. औषध तेच, आकडाही 50 चाच. पण क्षार निराळा. टार्ट्रेटची साधी गोळी लवकर विरघळते, तिचा अंमल लवकर ओसरतो आणि ती सहसा दिवसातून दोनदा घ्यावी लागते. सक्सिनेटची सावकाश विरघळणारी गोळी दिवसभर पुरते. मामांनी टार्ट्रेटची गोळी दिवसातून एकदाच घेतली असती तर पहाटेपर्यंत त्यांचे संरक्षण संपले असते आणि दोष 'जेनेरिक'च्या माथी बसला असता. जनऔषधी केंद्रात सक्सिनेटची, सावकाश विरघळणारी गोळी मिळाली. दोन्ही औषधांचा मासिक खर्च शंभर रुपयांच्या आत आला.

गुणवत्तेबद्दलही निर्मळ मनाने बोलले पाहिजे. जनऔषधी योजनेचे पहिले केंद्र 2008 साली अमृतसरला उघडले. त्या योजनेतील प्रत्येक घाणा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो. तरीही केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दरमहा निकृष्ट ठरलेल्या औषधांची जी यादी प्रसिद्ध करते, तिच्यात जनऔषधीचे घाणे येतात आणि नामवंत कंपन्यांचेही येतात. म्हणून पट्टीवरील घाणा क्रमांक, अर्थात बॅच नंबर, जपून ठेवावा. गोळी शरीरात मूळ औषधाप्रमाणेच शोषली जाते, हे सिद्ध करण्याची सक्ती टेल्मिसार्टनसारख्या पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांना एप्रिल 2017 पासून आहे. परंतु ती नव्याने परवाना मागणाऱ्यांना. त्यापूर्वीच्या परवान्यांचा प्रश्न शिल्लक राहतो. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, थायरॉइडचे थायरॉक्सिन या औषधांत मात्रेचा किंचित फरकही महागात पडतो. तेथे एकदा लागू पडलेली कंपनी डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज बदलू नये, मग ती स्वस्त असो वा महाग.

मामांच्या बाबतीत आम्ही साधी कसोटी ठेवली. गोळी बदलल्यावर चार आठवडे, रोज सकाळी एकाच वेळी, पाच मिनिटे स्वस्थ बसवून रक्तदाब मोजला आणि वहीत लिहिला. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसण्यास साधारण एवढा अवधी लागतो. एक पथ्य कटाक्षाने पाळले: ही गोळी हवेतील ओल शोषते, म्हणून कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती पट्टीतून काढून डबीत भरून ठेवायची नाही. महिनाअखेरीस वही डॉक्टरांना दाखविली. आकडे समाधानकारक होते. त्याचे श्रेय स्वस्त गोळीला जितके, तितकेच रोज घेतलेल्या गोळीला.

परंतु हे सारे करण्यापूर्वी आम्हांला डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन चिठ्ठी बदलून घ्यावी लागली, आणि माझे खरे गाऱ्हाणे हेच आहे. औषध नियमावलीतील 65व्या नियमान्वये, चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांच्या बाबतीत दुकानदाराला लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देता येत नाही, मग घटक तोच का असेना. म्हणजे किल्ली डॉक्टरांच्या लेखणीत आहे. वैद्यक परिषदेने 2002 सालीच मूळ नावाने औषधे लिहिण्यास सांगितले आणि 2016 साली ते अधिक ठामपणे सांगितले. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे, कठोर नियम आणले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. चिठ्ठीत मूळ नाव लिहिले तर निवड दुकानदाराच्या हाती जाईल आणि तो अधिक नफ्याचा माल देईल, हा डॉक्टर मंडळींचा आक्षेप होता. तो खोटा नाही. 65 रुपयांची पट्टी त्याचा पुरावा आहे. मात्र त्यावरचा उपाय मामांना महाग नावाशी बांधून ठेवणे हा नव्हे. डॉक्टरांनी मूळ नाव क्षारासह लिहावे, नाजूक मात्रेच्या औषधांपुरते कंपनीचे नाव कायम ठेवावे, आणि शासनाने जुन्या परवान्यांकडूनही समतुल्यतेचे पुरावे मागून ते लोकांसमोर ठेवावेत. एवढे झाले तर दोन्ही पक्षांच्या शंका फिटतील.

तोवर आपल्या हाती एक वाक्य आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाच नम्रपणे म्हणावे, "डॉक्टरसाहेब, कंटेंटचे नावही लिहून द्या." आमच्या डॉक्टरांनी ते क्षणात लिहून दिले. कुणी विचारलेच नव्हते, असे ते म्हणाले. मामा आता रोज गोळी घेतात.