१३ टक्के शेअर, ६१ टक्के मतं: मेटामधून झुकरबर्गना कुणी का काढू शकत नाही?

ऑक्टोबर २०२२. मेटाचा शेअर वर्षभर घसरतच होता. अल्टिमीटर कॅपिटल या गुंतवणूकदार कंपनीने झुकरबर्गना जाहीर पत्र लिहिलं: मेटाव्हर्सवरचा खर्च वर्षाला ५ अब्ज डॉलरच्या वर नेऊ नका, नोकऱ्याही कमी करा. पण हे पत्र म्हणजे फक्त विनंती होती. ती फेटाळली गेली असती, तर मतदान करून झुकरबर्गना हटवणं कोणालाच शक्य नव्हतं. मेटाचे इतर सगळे शेअरधारक एकत्र आले असते तरीही नाही.

यामागे एक साधं गणित आहे. मेटाचे दोन प्रकारचे शेअर आहेत. क्लास ए बाजारात मिळतो, त्याला एक मत. क्लास बी बाजारात मिळत नाही, त्याला दहा मतं. कंपनीच्या मालकीतला वाटा दोन्हींचा सारखाच, फरक फक्त मतांचा. क्लास बी शेअर जवळपास सगळे झुकरबर्गांकडे आहेत. म्हणून कंपनीतला त्यांचा वाटा साधारण १३ टक्के असला, तरी मतं साधारण ६१ टक्के आहेत.

आता गंमत बघा. २०१२ मध्ये फेसबुकचा आयपीओ येण्याआधी त्यांचा वाटा सुमारे २८ टक्के होता, आणि तरीही बहुमतासाठी त्यांना इतर काही शेअरधारकांकडून मतदानाचे हक्क लिहून घ्यावे लागले होते. मग वाटा निम्म्यावर आला आणि पकड मात्र टिकली, हे कसं?

याचं उत्तर एका छोट्या अटीत आहे: क्लास बी शेअर विकला की त्याचा क्लास ए होतो. दहा मतांचं एक मत.

समजा, एका कंपनीचे १०० शेअर आहेत. संस्थापकाकडे दहा मतांचे १३, सुरुवातीच्या गुंतवणूकदारांकडे दहा मतांचेच ३०, आणि लोकांकडे एक मताचे ५७. एकूण मतं झाली १३० + ३०० + ५७, म्हणजे ४८७. त्यात संस्थापकाची १३०, म्हणजे साधारण २७ टक्के. आता सुरुवातीच्या गुंतवणूकदारांनी नफा कमावून आपले सगळे ३० शेअर विकले. त्यांची ३०० मतं ३० वर आली आणि एकूण मतं उरली २१७. संस्थापकाची मतं तीच १३०, पण आता ती ६० टक्के झाली. एकही नवा शेअर न घेता!

म्हणजे बाकीचे जसजसे बाहेर पडतात, तसतशी न विकणाऱ्याची पकड घट्ट होत जाते. इतर सगळ्यांकडे एक मताचेच शेअर उरले, तर संस्थापकाला १०० पैकी १० शेअरही पुरतात: त्याची मतं १००, बाकीच्यांची ९०.

मेटाच्या वार्षिक सभेत 'एक शेअर, एक मत' करा असा प्रस्ताव अनेकदा आला आहे. बाहेरच्या गुंतवणूकदारांपैकी बहुतेकांनी त्याला पाठिंबा दिला, तरी तो दरवेळी पडला. साहजिकच आहे, कारण या प्रस्तावावरही झुकरबर्गांच्या शेअरला दहाच मतं मिळतात.

मग ही पद्धत वाईटच का? तसं सरळ म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार कर्मचारी कमी केले, खर्चाला कात्री लावली आणि २०२३ मध्ये शेअर जवळपास तिप्पट झाला. संस्थापकाला तिमाही निकालांच्या दबावाशिवाय लांबचा विचार करता येतो, हा या पद्धतीचा खरा फायदा. पण तो निर्णय चुकला असता तर? दुरुस्ती करायची की नाही हे तोच माणूस ठरवणार होता. मेटाच्या या व्यवस्थेला मुदतही नाही.

भारतात सेबीने २०१९ मध्ये टेक कंपन्यांच्या संस्थापकांना अशी सवलत दिली, पण हात राखून. एका शेअरला जास्तीत जास्त दहा मतं, आणि ती लिस्टिंगनंतर पाच वर्षं. शेअरधारकांनी मंजुरी दिली तर आणखी पाच वर्षं. स्वतंत्र संचालकांची नेमणूक किंवा बदली, ऑडिटर बदलणं अशा काही विषयांवर तर संस्थापकाच्या शेअरलाही एकच मत.

तुम्ही ॲपवरून अमेरिकन शेअर घेत असाल तर सर्चमध्ये अल्फाबेट टाका. GOOGL आणि GOOG असे दोन शेअर दिसतील. पहिल्याला एक मत आहे, दुसऱ्याला शून्य. दहा मतांचा तिसरा प्रकार तिथे दिसणारच नाही, कारण तो विक्रीला नाही. कंपनी कोण चालवणार हे मात्र तोच ठरवतो. त्यामुळे कुठल्याही आयपीओचं माहितीपत्रक उघडलंत की तीन गोष्टी शोधा: संस्थापकाच्या एका शेअरला किती मतं, शेअर विकल्यावर त्या मतांचं काय होतं, आणि हा हक्क कधी संपतो. तिसऱ्याचं उत्तर सापडलंच नाही, तर तुम्हाला नफ्यातोट्यात वाटा मिळेल, पण निर्णयात नाही, हे धरून चला.