फिक्स, कमिशन आणि सिम कुणाचं?

पुसद असो की वणी, घरून कॉलिंगची ऑफर साधारण दोन प्रकारची येते. समजा, एक छोटी फर्म महिन्याला ६००० फिक्स देते, दुसरी प्रत्येक विक्रीमागे ३००. दुसरी भारी वाटते ना? हिशेब मांडा. रोज ८० कॉल, २५ दिवस, म्हणजे २००० कॉल. शंभरातल्या एकाने पैसे भरले तर २० विक्री, कमिशन ६०००. दोनशेतल्या एकानेच भरले तर ३०००, अन् घसा तेवढाच बसतो. म्हणून नवख्याने फिक्सच घ्यावं, असं आमचं मत. कमिशन ग्राहक 'हो' म्हणाल्यावर की पैसे जमा झाल्यावर, अन् त्याने रद्द केलं तर कापणार का, हे निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

त्याहून मोठी भानगड सिमची. "तुमच्याच नंबरवरून करा" असं सर्रास सांगतात. पण जाहिरातीच्या कॉलसाठी नोंदणी लागते आणि १४० ने सुरू होणारा नंबर असतो. नोंदणी नसताना असे कॉल करणाऱ्यांची कनेक्शनं तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, असं ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिकॉम कंपन्यांना बजावलं. तक्रार झाली तर बंद पडेल ते तुमचं सिम. फर्म दुसरा पोरगा शोधेल.

अन् ट्रेनिंगच्या नावाने आधी पैसे मागितले, किंवा ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात घेऊन पुढे पाठवायला सांगितलं, तर तिथंच थांबा. ते पैसे फसवणुकीचे निघाले तर खातं तुमचं गोठतं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.