बीमले काय मारू जी?

नागपुरात बेसा, मनीषनगर, वर्धा रोड या पट्ट्यात अलीकडे उभ्या राहिलेल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटांचा साचा बहुतेक सारखा असतो. मुख्य दार उघडलं की हॉल, त्याला लागून डायनिंग आणि टोकाला ओटा. मध्ये ना भिंत, ना दार, ना चौकट. महाल भागातल्या जुन्या घरात बैठक पिवळी आणि माजघर निळं असलं तरी दोघांची गाठ पडत नसे, कारण मध्ये जाडजूड चौकट उभी होती. फ्लॅटमधून ती चौकट गेली, पण ‘प्रत्येक खोलीला वेगळा रंग’ ही सवय आपण सोबत घेऊन आलो.

माझ्या मामेबहिणीनं बेसाला फ्लॅट घेतला, तेव्हा दुकानातल्या शेडकार्डावरून तिनं तीन रंग ठरवले होते: हॉलला निळसर राखाडी, डायनिंगला पीच, किचनला लिंबूपिवळा. तिन्ही रंग आपापल्या जागी छान होते. पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर पेंटरनं तिन्हींचे चौकोन मारून दाखवले आणि तिनं मला फोन केला, “ताई, राखाडी जांभळा दिसतोय गं, आणि फरशी मळल्यासारखी.” दुकानदारानं चुकीचा रंग दिला, अशी तिची खात्रीच झाली होती.

रंग बरोबर होता. या तक्रारीचं एक जुनं भावंड पॅरिसमध्ये आहे. गोबलँ या राजेशाही विणकामाच्या कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचा रसायनतज्ज्ञ रंगाईखात्याचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणलेला काळा धागा फिका दिसतो, अशी ओरड होती. त्यानं काळा रंग तपासला, त्यात खोट निघाली नाही. शेजारचा रंग काळ्याला बिघडवत होता. १८३९ साली त्यानं यावर ग्रंथच लिहिला. शेजारचे दोन रंग डोळ्यांत एकमेकांना उलट दिशेला ढकलतात, हे त्याचं सांगणं. बहिणीच्या घरातही तेच चाललं होतं. फरशी उबदार क्रीमची होती, म्हणून तिच्याजवळ राखाडी अधिक निळा-जांभळा झाला. राखाडी थंड होता, म्हणून फरशी अधिक पिवळट, मळकी झाली.

म्हणजे खुल्या घरात रंगाची सुरुवात भिंतीपासून करायचीच नाही, फरशीपासून करायची. दारापासून ओट्यापर्यंत अखंड जाणारी तीच एक गोष्ट आहे, आणि बिल्डरनं ती आधीच बसवून दिलेली असते. आपण तिला ‘पांढरी’ म्हणतो, पण अगदी पांढरी फरशी क्वचितच असते. झेरॉक्सचा कोरा कागद टाइलवर ठेवावा आणि खिडकीच्या उजेडात बघावा. कागदाच्या शेजारी टाइलचा कल लगेच उघडा पडतो: गुलाबी, पिवळा, हिरवट की राखाडी. बहिणीची टाइल गुलाबीकडे झुकलेली क्रीम निघाली. शेडकार्डावरच्या शेकडो रंगांतले बरेचसे तिथेच बाद झाले, आणि मला हायसं वाटलं.

पुढचा नंबरही भिंतीचा नाही. किचनच्या टोकाला उभं राहून बघा, रंगवायला भिंत उरते तरी किती? खाली ट्रॉल्यांची दारं, वर कॅबिनेट, मध्ये डॅडोच्या टाइल्स. किचनचा खरा रंग म्हणजे सनमायका. हॉलमध्ये तेच काम सोफा आणि पडदा करतात. सनमायका कॅटलॉगमध्ये असतील तेवढ्यातूनच निवडावा लागतो, सोफ्याच्या कापडाचंही तेच. पेंट मात्र मशीनवर हजारो छटांत मिळतो. तेव्हा ज्यात निवड कमी ते आधी ठरवावं आणि ज्यात भरपूर ते शेवटी. आपण नेमकं उलट करतो. भिंती रंगवून मोकळे होतो, मग त्यांना जुळणारा सनमायका शोधत सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत फिरतो.

बहिणीकडे ओटा काळ्या ग्रॅनाइटचा होता, दारं तपकिरी पॉलिशची. सनमायका आम्ही फरशीच्याच घराण्यातला, थोडा गडद बदामी घेतला. सोफा बिस्किटी. आता मुख्य दारात उभं राहिलं की तीसेक फुटांची सरळ नजर जात होती आणि तिच्या वाटेत एकमेकांवर रुसलेलं काही नव्हतं.

मग भिंत. शेडकार्डाच्या एकाच पट्टीवर वरून खाली एकाच रंगाच्या फिकटपासून गडदपर्यंत छटा असतात. खुल्या घरासाठी ही पट्टी म्हणजे आयतं साधन आहे. कल तोच ठेवायचा आणि फक्त फिकट-गडद बदलायचं. काही कंपन्या छटेजवळ ‘एलआरव्ही’ नावाचा आकडा छापतात. शून्य ते शंभरच्या मापात ती छटा किती उजेड परत फेकते, हे तो सांगतो. आम्ही लांब भिंतीला सत्तरच्या आसपासची छटा घेतली. पन्नासच्या खाली गेलो असतो तर घराच्या मधोमध, जिथे कुठलीच खिडकी जवळ नाही, त्या डायनिंगला दिवसाही दिवा लावावा लागला असता.

आणि इथे नागपूरचा उजेड आडवा येतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आपल्याकडे भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस त्याच सुमारास येतो. त्या वेळी कुठल्याच खिडकीतून थेट ऊन येत नाही. चार वाजता मात्र पश्चिमेच्या बाल्कनीतून ते आडवं घुसतं आणि लांब भिंतीला घासत जातं. अशा घासत्या उजेडात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते, आणि रंग चकचकीत असेल तर दुप्पट दिसते. म्हणून लांब भिंतीला मॅट. ओट्याजवळ धुता येणारा, किंचित चमक असलेला रंग हवाच. पण तीच छटा चमकेत वेगळी दिसते हे धरून चालावं, आणि हा बदल कोपऱ्यातच करावा.

शिवाय उन्हाळाभर आपण पडदे ओढून बसतो. अर्धी खिडकी कूलरनं अडवलेली असते. उरलेला उजेड पडद्यातून गाळून येतो. पडदा हिरवा असेल तर दुपारभर सगळं घर हिरवं. रंगाच्या चर्चेत हा ऋतू कोणी मोजत नाही, आणि नागपुरात तर तो वर्षाचा मोठा हिस्सा आहे. पडदा आम्ही फिक्या बिस्किटी रंगाचाच घेतला.

नमुना बघायची पद्धतही बदलायला हवी. भिंतीवर मारलेला चौकोन आजूबाजूच्या प्रायमरच्या पांढऱ्यात दिसतो, म्हणजे पुन्हा शेव्हरलची अडचण. त्यापेक्षा छोटा डबा आणावा आणि दोन फूट बाय दोन फुटांच्या जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारून वाळू द्यावेत. ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखा नसतो, म्हणून ओल्यावर निर्णय नको. मग पुठ्ठा उभा धरून फरशीला टेकवायचा आणि हॉलपासून ओट्यापर्यंत फिरवायचा. सकाळी, चारच्या उन्हात, पडदे ओढून आणि रात्री दिव्यात.

रात्रीच आमची पंचाईत झाली. हॉलमध्ये पांढरेशुभ्र, ६५०० केल्विनचे पॅनेल होते आणि डायनिंगच्या टेबलावर लोंबणारा दिवा ३००० केल्विनचा, पिवळा. एकच पुठ्ठा चार पावलांत निळसरचा पिवळट झाला. छटा बदलून हे सुटत नाही. सगळीकडे ४००० केल्विनचे दिवे लावले. हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो आणि दिवे बदलण्याचा खर्च पुन्हा रंगवण्याच्या मानानं काहीच नाही.

आता गडद रंगाचं. बहिणीच्या सासूबाईंचा आग्रह होता की ओटा आग्नेयेला आहे, तिथे केशरी हवाच. वास्तूवर माझा विश्वास नाही, पण आग्रह कामाचा निघाला, कारण घराला एक ठसठशीत रंग हवाच होता. केशरीचा आम्ही गेरू केला. गुलाबी कलाच्या क्रीमशी त्याचं जमतं. तो रंग डायनिंगच्या आठ फुटी आखूड भिंतीला दिला, किचनच्या खिडकीच्या ब्लाइंडला दिला, आणि पॅसेजमधून बेडरूमचं दार उघडं असताना समोर दिसणाऱ्या भिंतीवर त्याच पट्टीतली फिकी छटा. बेडरूमच्या बाकी भिंती हॉलमधून दिसत नाहीत, तिथे बहिणीनं हवा तो निळा लावला. मी तक्रार केली नाही.

गेरूसाठी आखूड भिंतच का? तर तिच्या दोन्ही टोकांना आतले कोपरे आहेत. रंग बदलायचा तो भिंत आत वळते तिथे. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर बदलला तर रेघ कधीच सरळ येत नाही, धार खरचटते आणि खालचा रंग डोकावतो. त्याहून वाईट म्हणजे ती भिंत पुठ्ठ्यासारखी पातळ दिसते. लांब भिंतीच्या मध्येच रंग थांबवला तर तो का थांबला याचं उत्तर घरात कुठेच नसतं.

हॉल आणि डायनिंगच्या मध्ये छतातून फूटभर खाली आलेला बीम असतो. तिथे पेंटर थांबला. “मॅडम, बीमले काय मारू जी? हॉलचा का डायनिंगचा?” तीन रंगांच्या मूळ बेतात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बीमची हॉलकडची बाजू राखाडी, डायनिंगकडची पीच, आणि तळाला कुठला? बीम छताचा असतो, म्हणून त्याच्या तिन्ही बाजूंना छताचाच रंग. छताला आम्ही निळसर झाक असलेला पांढरा न घेता भिंतीच्या पट्टीतली सर्वात फिकी छटा दिली. बीमखालून लांब भिंत एकाच रंगात पुढे निघून गेली.

ती भिंत तीस बाय साडेनऊ, म्हणजे सुमारे २८५ चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे साठ-सत्तर चौरस फूट धरले तर साडेचार लिटर लागतात. दोन वेगवेगळ्या दिवशी टिंट केलेल्या डब्यांत बारीक फरक पडू शकतो, आणि अखंड भिंतीवर तो लपत नाही. म्हणून सगळा रंग एकदम आणून एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळायला लावला, पाणीही त्यातच एकदा मोजून घातलं. उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकून लॉफ्टवर ठेवला आहे. झाकणावरच्या चिठ्ठीत शेडचा नंबर, बेस आणि तारीख आहे. स्टेनरच्या बाटल्यांनी हातानं मिसळलेल्या रंगाला असा नंबर नसतो, आणि सोफ्याच्या पाठीनं भिंत घासली की पहिली गरज त्या नंबराचीच पडते.